चौकशीत निघालेली गाठ

आदिनाथला मी सांगितलंच कशाला! पण एकाच कंपनीत कामाला, भोसरीत एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, मग माणूस सांगणार कुणाला? अंघोळ करताना उजव्या अंडाच्या वर वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. स्वप्नालीशी सुपारी फुटलेली, आणि डोक्यात नुसता कॅन्सर.

डॉक्टरांनी तपासलं, दिवा घालवून टॉर्च लावला तर गाठीतून उजेड आरपार. मग सोनोग्राफी केली. म्हणाले, "स्पर्मॅटोसील आहे. शुक्राणूंच्या नळीवर धरलेली पाण्याची पिशवी. कॅन्सर नाही, आणि हिच्यामुळं मूल व्हायला अडचण येत नाही." दुखली, फार वाढली किंवा जड वाटली तरच बघायचं. उगाच कापायला गेलं तर ती नाजूक नळीच दुखावते, शुक्राणूंची वाट बंद होऊ शकते. मूल हवं असणाऱ्यानं तर थांबलेलंच बरं. अंडातच कडक गाठ लागली तर मात्र लगेच यायचं. जीव भांड्यात पडला. हे सगळं मी आदिनाथला सांगितलं.

आमच्यात सुपारी फुटल्यावरही मुलीकडचे कंपनीत चौकशीला येतात. स्वप्नालीचे मामा, ज्योतीराम, चाकणला गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहिले आणि नेमका त्यांना आदिनाथच भेटला. पोरगा निर्व्यसनी हाय, म्हणाला हा, फक्त खाली गाठ हाय. डॉक्टरांचं बाकीचं सगळं गिळलं मेल्यानं!

जाब विचारला तर मला म्हणतो, "उद्या काही झालं असतं तर त्यांनी मला धरलं असतं, भावा." माझ्या संसारापेक्षा ह्याला स्वतःचा शब्द मोठा.

मी मामांनाच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मन लावून ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. बाहेर चहा पिताना म्हणाले, "पटलं मला. पण पाव्हण्यारावळ्यांत बोभाटा झालाय. काढून टाका, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील." लोकांच्या तोंडासाठी मी टेबलावर झोपायचं, राव! मला राग आला, पण आशा होती, कारण स्वप्नाली शिकलेली होती.

तिला फोन करून सगळं सांगितलं. नळीचं सांगितलं, बाप होण्याची वाटच बंद होऊ शकते हेही सांगितलं. 

ती म्हणाली, "तरी काढा ना. मूल नाही झालं तर मी तुम्हाला कधी बोलणार नाही. पण बायका मला आत्ताच गाठीचं विचारतात, ते नाही सहन होत."

मी नाही म्हणालो. स्पष्ट नाही म्हणालो. संध्याकाळी मामांनी लग्न मोडल्याचं आमच्या वडलांना कळवलं.

खोलीवर आदिनाथनं खांद्यावर हात टाकला, म्हणाला, मी हाय ना, भावा. मी त्याचा हात काढला आणि बॅग भरायला घेतली.