वगळायचे शब्द

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागात, ताईंची बारा वर्षं गेली होती. ताई म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. सगळं हॉस्पिटल त्यांना ताईच म्हणायचं. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले हाडांचे डॉक्टरसुद्धा. "श्वास घ्या, धरून ठेवा" हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की एखाद्याला वाटावं यांचा स्वतःचा श्वासही परवानगीनेच चालतो.

नवरा सहा तासांच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात. तिथल्या एका मोठ्या गोदामात तो मालाच्या नोंदी सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी त्याची बदली झाली तेव्हा ठरलं होतं, की त्याने पुढे जायचं आणि तिथे नोकरी मिळाली की ताईंनी मागोमाग. मागोमाग म्हणजे सहा महिने, फार तर वर्ष. सासरी-माहेरी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. मग लोक विचारायचे थांबले. लोकांचं बरं असतं, त्यांना कंटाळा येतो.

ताईंना मात्र आला नाही. दोन वर्षं स्वतः शोधून दमल्या, तेव्हा नवऱ्यानेच एका सुट्टीत बसून नोकरीच्या साइटवर त्यांच्यासाठी सगळं लावून दिलं. या कामात तो वाकबगार. आधी शोध घ्यायचा, चाळण्या म्हणजे फिल्टर लावायचे, मग तो शोध नाव देऊन साठवायचा आणि ईमेलची सूचना चालू करायची. एक शोध पुरत नाही, हे त्यानेच समजावलं. कुठलं हॉस्पिटल जाहिरातीत 'रेडिओग्राफर' लिहितं, कुठलं 'एक्स-रे टेक्निशियन', कुणी नुसतंच 'इमेजिंग'. म्हणून तीन शोध. सूचना आठवड्याची नको, रोजचीही नको, 'लगेच' ठेवायची. कारण चांगल्या जागेला दोन दिवसांत शे-दीडशे अर्ज येतात आणि हॉस्पिटल अर्ज घेणं बंद करून मोकळं होतं. ठिकाण म्हणून त्याने सगळा प्रांतच टाकला. "सगळं येऊ दे," तो म्हणाला होता. "बाजाराचा अंदाज येतो."

आणि खरोखर, सगळं आलं. दोन वर्षं रोज दोन-तीन मेल. ज्या गावांची नावं ताईंनी कधी ऐकली नव्हती, तिथेही माणसांची हाडं मोडत होती आणि टेक्निशियन हवे होते. ताई प्रत्येक मेल उघडायच्या, शहराचं नाव बघायच्या, बंद करायच्या. दर रविवारी फोनवर म्हणायच्या, "या आठवड्यातही तुमच्याकडचं काही नाही." तो म्हणायचा, "येईल गं. धीर धर."

तो मंगळवार होता. दुपारची गर्दी ओसरली होती आणि ताई शिशाचे एप्रन खुंटीवर टांगत होत्या. विभागात एक नवी मुलगी होती, सतत बोलते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. इथे लागायच्या आधीपासून तीही चांगली नोकरी शोधत होती. कोण नाही शोधत! ती सहज म्हणाली, "ताई, मुलाखतीचं काही आलं का? जागा तुमच्या साहेबांच्या शहरातली होती ना, म्हणून मी मुद्दाम अर्ज केला नाही. म्हटलं, ही ताईंचीच."

ताईंनी विचारलं, कुठली जागा.

चिमणीने मोबाइल पुढे केला. शुक्रवारी सकाळी अकराला जाहिरात लागलेली, एकला तिला मेल आलेला. रेडिओग्राफर, आठ वर्षांच्या वर अनुभव. हॉस्पिटलही ओळखीचं, नवऱ्याच्या खोलीपासून पायी दहा मिनिटांवर. त्या हॉस्पिटलसमोरून दोघांनी कितीदा भाजी आणली होती. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, अर्ज स्वीकारणे बंद.

ताईंनी आपला मेल उघडला. नाही. जाहिरातींच्या कप्प्यात बघितलं, नाही. स्पॅममध्ये बघितलं, तिथे लॉटरी लागल्याच्या चार बातम्या होत्या. त्यांना स्वतःचाच राग आला. पंधराशे मेल वाचले आणि नेमका हा निसटला. चिमणी म्हणाली, सूचनेतच काही गडबड असेल, शोध उघडून बघू. प्रत्येक मेलच्या तळाशी 'सूचना बदला' असा दुवा असतो. ताईंनी त्यावर आजवर बोट ठेवलं नव्हतं. नवऱ्याने लावून दिलेलं होतं, त्याला कशाला हात लावायचा?

शोध उघडला. शब्द बरोबर. ठिकाण बरोबर. वारंवारता, लगेच. त्याखाली एक चौकट, 'वगळायचे शब्द'. तिथे पहिला शब्द 'विक्री'. बरोबरच, नाहीतर मशिनं विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येतात. दुसरा 'प्रशिक्षणार्थी'. तेही बरोबर. तिसरा शब्द म्हणजे त्याच्या शहराचं नाव.

"चुकून पडलं असेल," ताई म्हणाल्या.

चिमणीने पुढच्या शोधावर बोट ठेवलं. ताईंनी दुसरा शोध उघडला, तिथेही तेच. तिसऱ्यातही तेच. एकदा चूक होते. तीन ठिकाणी तीच चूक करायला माणसाला नीट बसावं लागतं.

मग ताईंनीच चिमणीला सांगितलं, तुझ्या मेलमध्ये त्या शहराचं नाव टाकून शोध. सात निघाले. सात जागा, दीड वर्षात. ताईंनी तारखा वाचल्या. तिसरी त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आठवड्यातली. पाचवी त्या रविवारच्या आदल्या दिवसाची, ज्या रविवारी त्या फोनवर रडल्या होत्या आणि तो म्हणाला होता, धीर धर.

फोन त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन केला, सहाला, तो गोदामातून सुटतो तेव्हा. भांडायचं नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं की तो हसेल आणि काहीतरी साधं कारण सांगेल. त्या नुसतं म्हणाल्या, "वगळायच्या शब्दांत तुमचं शहर आहे."

"दुसरं कोणी नाही," तो म्हणाला. "तसं मनात आणू नकोस."

"मग?"

"मला एकट्याची सवय झाली. आवडायला लागलं. तू येणार म्हटलं की मला दडपण यायचं. आणि तू इतकी आशेवर होतीस, तुला नको म्हणवेना."

ताईंना वाटलं, दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता आलं असतं, तिला नावं ठेवता आली असती. रिकाम्या खोलीशी कसं भांडणार? त्याने आपल्यापेक्षा एक रिकामी खोली पसंत केली होती. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि फोन ठेवून खूप रडल्या. अगदी लहान मुलीसारख्या, नाक वाहेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही शोधांतून तो शब्द काढला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. यंत्र प्रामाणिक असतं. सांगितलं तेवढं करतं. नवव्या दिवशी, दुपारी बाराला, मेल आला. तेच हॉस्पिटल. निवडलेली बाई हजर झाली नव्हती, जागा पुन्हा खुली होती. जाहिरात लागून अवघे दोन तास झाले होते.

ताईंनी अर्ज उघडला. नाव, शिक्षण, अनुभव सगळं आपोआप भरलं गेलं. शेवटी एक रकाना होता, या शहरात येण्याचे कारण. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे चार वर्षांपासून तयार होतं, दोन शब्दांचं. त्यांनी बोटं ठेवली आणि उचलली. वीस मिनिटांनी साइटने त्यांना आपणहून बाहेर काढलं.

मग त्यांनी तो मेल चिमणीला पाठवला आणि आतल्या खोलीत जाऊन सांगितलं, आत्ता भर, जेवायला नंतर जा. अनुभव कमी पडतो, चिमणी म्हणाली. ताई म्हणाल्या, तरी भर, माझं नाव संदर्भ म्हणून दे.

चिमणीने तिथेच उभ्याने अर्ज भरला. पाठवून झाल्यावर जरा चाचरत म्हणाली, "ताई, लागलीच नोकरी, तर सुरुवातीला दोन-चार दिवस उतरायला... तिथे तुमचं कोणी आहे ना?"

ताई पुढच्या पेशंटचा कागद बघत होत्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "माझं तिथे कोणी नाही."