रात्रीच्या रश्श्याचं काय करायचं

अर्ज मी लिहिलाय, तेव्हा दोष काढायचा तर माझाच काढा. आमचे हे हॉटेलात स्वयंपाकी. चार शेगड्या एकदम पेटलेल्या असल्या तरी डगमगत नाहीत, पण समोर कोरा कागद ठेवला की घाम फुटतो. त्यांचा मालक हॉटेल विकायला निघालाय, नवा माणूस तिथे कपड्यांचं दुकान टाकणार. म्हणजे यांचं काम गेलंच. अशात परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये जागा निघाली. एजंट म्हणाला, "वहिनी, पत्रात दोनच गोष्टी ठासून लिहा. स्वच्छतेचं प्रशिक्षण आणि तुमच्या भागातली चव."

मग काय, ठासलंच मी.

आधी लिहिलं की यांनी अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतलंय, शिजवलेलं अन्न हे कधी बाहेर ठेवत नाहीत. पसरट ट्रेमध्ये काढतात, बर्फावर ठेवतात, दोन तासांत एकवीस अंशांवर आणि पुढच्या चार तासांत पाच अंशांवर आणतात. त्याखाली लिहिलं की आईच्या हातचा रस्सा, रात्रभर चुलीच्या उबेत मुरलेला, हे अगदी तस्साच करतात. वाचून माझीच छाती फुगली. हे म्हणाले, "छान आहे." नीट वाचलं असेल तर शपथ!

मुलाखत एजंटच्या ऑफिसात झाली, व्हिडिओवर. पलीकडे तिथल्या शेफबाई, हातात आमचं पत्र. त्या विचारायच्या, एजंट मराठीत सांगायचा.

"रात्री पातेलं कुठे असतं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनमागून फ्रिजचं दार उघडल्याची खूण केली.

"ट्रेमध्ये काढून फ्रिजमध्ये, मॅडम."

"मग चुलीच्या उबेत कोण मुरवतं?"

"आई."

"आणि तुमचा रस्सा आईसारखा लागतो?"

आता 'हो' म्हणायला काय जात होतं या माणसाचं? पण नाही! "नाही लागत," म्हणाले. "खूप वर्षं झाली, जमतच नाही."

मी कपाळावर हात मारला. बाई मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "यातली एक ओळ खोटी आहे. ती काढा आणि उद्यापर्यंत पत्र पाठवा."

बाहेर आलो आणि डोक्याचा नुसता भुगा झाला. स्वच्छतेची ओळ काढली तर दारातही उभं करणार नाहीत. रश्श्याची काढली तर इथून स्वयंपाकी न्यायचा कशाला, तिथे काय माणसं नाहीत? आणि ओळ तर काढायलाच हवी. एकदा ही काढू, एकदा ती काढू, असं करत आम्ही नकळत सासूबाईंच्या दारात पोचलो. त्या धाकट्या दिरांकडे असतात, पलीकडच्याच गल्लीत. दर रविवारी आम्ही तिथेच रस्सा ओरपतो, आणि हे दर रविवारी म्हणतात, "ही खरी चव!"

सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कुठली चूल रे?"

"परसातली. रात्री पातेलं ठेवतेस ना तिच्यावर?"

"तू फ्रिज आणून दिलास तेव्हापासून नाही ठेवत. आता त्यातच ठेवते. मोठं पातेलं मावत नाही, म्हणून लहान लहान डब्यांत काढायचं. आधी डबे थंड पाण्याच्या परातीत, गार झाले की आत. सकाळी खळखळून उकळायचं."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही फ्रिजमधल्या रश्श्याची आरती ओवाळतोय! मला हसू आवरेना. "अहो, दोन्ही खरंच की! फक्त ती चूल तेवढी काढते."

यांचा चेहरा मात्र उतरला. "आई, तू करतेस तेच मी करतो. वाटण तुझंच, गार करणं तेच. मग माझ्यात काय कमी पडतं?"

"मला काय ठाऊक? हॉटेलातलं मीठ वेगळं असेल." भाजी बाजूला सारून त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "तू जेवतोस कधी रे तिथे?"

"सगळ्यांचं आटपलं की. ओट्याशी उभ्याउभ्या, पळीनंच."

"आणि इथे तुला बसवून मी वाढते. लागेलच की गोड."

मी मोबाइलवर पत्र उघडलं, चूल काढली, लहान डबे लिहिले. पाठवायला बोट नेलं तेवढ्यात हे लहान पोरासारखे म्हणाले, "आई, तिथे कोण वाढणार गं मला?"

सासूबाईंनी मान खाली घालून पुन्हा भाजी ओढली. मला इतकं रडू आलं की अक्षरं दिसेनात. तशीच चाचपडत मी पत्र पाठवून दिलं.