घुर्डीचा हॅशटॅग

ओस पडलेल्या घुर्डीत, हिलजात्रेच्या दिवशी, हंसीनं एकटीनंच देवळाचा व्हिडिओ काढून चॅनलवर टाकला. नाचायला गावात माणूस उरलंय कुठे!

पिथौरागढला राहणारा तिचा थोरला भाऊ कुंदन हॅशटॅग बघून वैतागला. "नुसतं #भक्ती, #महादेव? त्या गर्दीत तुझं एवढंसं चॅनल कोण बघणार, बाई? गावच्या जत्रेचाही टाक. शोधणारे थोडेच, पण आपले असतील."

तिनं #घुर्डीहिलजात्रा जोडला.

मोठ्या टॅगवरून आलेले 'हर हर महादेव' लिहून गेले. गावच्या टॅगवरून एकटे जमनकाका आले, कधीच गाव सोडून दिल्लीला गेलेले. त्यांनी लिहिलं, "पोरी, मागे ढोलावर धनुवाच ना? थाप त्याचीच. बरा झाला वाटतं!"

धनुवाच्या तिरडीला कुंदननंच खांदा दिला होता.

हंसीनं व्हिडिओ पुन्हा लावला. वारा समजून तिनं सोडून दिलेला आवाज पहिल्यापासून तालात होता.