आठ आणे तळं

पियुषने काठावर खुंटी ठोकली आणि तिथून काठाकाठाने पावलं मोजायला सुरुवात केली. एकच पाऊल पडलं आणि हिरवं संपलं, पुढे उघडं पाणी. त्याने वहीत लिहिलं, मंगळवार, एक.

गोठ्यामागचं ते तळं चौकोनी होतं. लांबी सोळा पावलं, रुंदीही तेवढीच. रात्रभर वाऱ्याने सगळी हिरवळ पूर्वेच्या काठाशी लोटली जायची आणि सकाळी तिचा दाट, सरळ पट्टा बसायचा. तो पट्टा एक पाऊल रुंद असला, म्हणजे तळ्याचा सोळावा हिस्सा भरला. सोमवारी पट्टा अर्ध्या पावलाचा होता, रविवारी टाच बुडेल एवढाच.

"एक आणा भरलं म्हन," म्हशीला पेंड घालता घालता पंजाबराव म्हणाले.

पंजाबराव त्याच्या आईचे वडील. नाणं जाऊन जमाना झाला, तरी त्यांच्या तोंडून आणे गेले नव्हते. संत्र्याला बहर किती, तर दहा आणे. कपाशी कशी, तर आठ आणे. सोळा आणे म्हणजे पूर्ण. पियुषलाही ते सोयीचं वाटलं, कारण तळ्याची पावलं बरोबर सोळाच होती.

आजोबा त्या हिरवळीला शेवाळ म्हणत. ते शेवाळ नव्हतं, पण हे ऐकून घ्यायला घरात दुसरं होतं कोण? मुगाच्या डाळीएवढी इवली पानं, प्रत्येक पान म्हणजे एक आख्खं रोप, खाली केसासारखं एकच मूळ. पानाच्या कडेला दुसरं पान फुटायचं, मोठं झालं की सुटून वेगळं तरंगायचं आणि लगेच त्यालाही फुटू लागायचं. पियुषने दहा पानं तळ्याच्या पाण्यासकट जुन्या घमेल्यात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वीस झाली, तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस, चौथ्या दिवशी ऐंशी. गोठ्याचं शेणपाणी तळ्यात उतरत होतं, ऊनही चांगलं पडत होतं. वाढायला अजून काय लागतं!

बुधवारी पट्टा दोन पावलांचा झाला.

"शनिवारी तळं भरते आबा. पूर्ण."

पंजाबराव हसले. "काल एक आना, आज दोन. रोजचा एक आना. चौदा आने राह्यले, म्हनजे चौदा दिवस. शाळेत काय शिकवून राह्यले रे तुले?"

"रोज एक नाही वाढत. रोज दुप्पट होते. उद्या चार, परवा आठ, शनिवारी सोळा."

"बरं बरं. पुढच्या हप्त्यात मानूस लावतो काढाले."

एकाचे दोन झाले की बेरीज आणि दुप्पट सारखीच दिसते, हे पियुषला समजत होतं, पण आजोबांना कसं समजवावं ते सुचत नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी पिकाचे आणे मोजले होते. पीक आण्याआण्यानेच चढतं.

त्या संध्याकाळी अकोल्याहून आईचा फोन आला. शकुन तिथल्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. जुलैत गेली ती अजून आली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी दोघांनी मोर्शीहून कटला माशाची चाळीस पिल्लं आणून तळ्यात सोडली होती. तेव्हापासून पियुष रोज शाळेतून आला की कोंडा टाकायचा आणि मासे वर आले की त्यांच्याशी बोलायचा. आजोबा चांगले होते, पण म्हशीशी बोलायचे तेवढंही त्याच्याशी बोलत नसत.

"शनिवारी तळं भरते आई. मी हिशोब केला."

"हो का? खरंच भरलं तर येतोच मी पाहाले. रविवारची सुटी मागून ठेवतो."

"शप्पथ?"

"तुयी शप्पथ. पन भरलं पाह्यजे बरं!"

त्या रात्री त्याला छान झोप लागली. गुरुवारी चार पावलं भरली. आजोबा म्हणाले, वारं जास्त होतं, म्हणून पसरलं. पियुषने वहीत चार लिहिलं. त्याला वाद जिंकायचा नव्हता, शनिवार हवा होता.

शुक्रवारी सकाळी तो खुंटीपाशी आला आणि मोजायचं विसरला. उघड्या अर्ध्या भागात सगळे मासे गोळा झाले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. कोंड्यासाठी नव्हे. त्याने कोंडा टाकला तर एकानेही खाल्ला नाही.

हिरवळीखाली हात घातला तर पाणी काळं दिसलं. वर झाकण बसलं की खाली उजेड जात नाही, उजेड नसला की पाण्यातल्या वनस्पती हवा सोडत नाहीत, आणि बाहेरची हवाही आत शिरत नाही. अर्धं झाकलं तर पहाटे ही गत. उद्या सगळं झाकलं जाईल.

"आबा, मासे मरतील! आज काढा लागते."

"अर्धं मोकळं आहे न अजून. आठ दिवस आहेत. कावून घाई करतं?"

पियुष काठावर बसून राहिला. काही न करता नुसतं बसून राहिलं, की आई येणार होती. फक्त एक दिवस. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

मग तो घरातून आईचं जुनं लुगडं घेऊन आला. एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि ओढू लागला. एकट्याने ओढलेलं लुगडं मधेच लोंबायचं आणि निम्मी हिरवळ खालून निसटायची. शाळा बुडाली. दुपारपर्यंत काठावर हिरवे ढीग पडले आणि पट्टा आठ पावलांवरून चारवर आला. याहून जास्त त्याच्या अंगात उरलं नव्हतं.

चाराचे दुसऱ्या दिवशी आठ होतात. शनिवारी सकाळी आठच होते, कालच्यासारखे. एवढी मरमर करून त्याने फक्त एक दिवस मागे लोटला होता. पण मासे जिवंत होते.

आठ वाजता फोन आला. आजोबा शेजारीच धार काढत होते.

"भरलं का रे तळं?"

पियुषने ओठ चावला. काढलं म्हणून सांगितलं, तर तिला आपण ये म्हणून मागे लागल्यासारखं वाटेल. "नाही. आठ आणे."

"पाह्य! मी म्हटलंच होतं." आईचा आवाज एकदम मोकळा झाला. "बरं झालं बाप्पा, सुटी भेटतच नव्हती. आठ आने मोकळं हाय म्हनजे लय दिवस हायेत. भराले आलं की सांग, तवा येतो. आँ?"

"हो," पियुष म्हणाला.

फोन ठेवून त्याने खांद्यावरचं ओलं लुगडं सारखं केलं आणि तो तळ्याकडे निघाला. मागे चरवी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

पंजाबराव काठावरच्या ढिगांपाशी येऊन थांबले. बराच वेळ ते ढिगांकडे पाहत होते, मग पट्ट्याकडे, मग खुंटीकडे. ओठांत त्यांनी काहीतरी मोजलं.

"कालही आठच होतं न?"

"हो."

"आन हे काढलं नसतं तं?"

पियुष लुगड्याचं टोक घेऊन खुंटीशी वाकला. आजोबांनी धोतर वर खोचलं, खुंटीला बांधायचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि ते पाण्यात उतरले.

"तिले कावून नाही सांगतलं बे?" त्यांनी विचारलं.

"लुगडं ताणून धरा आबा," पियुष म्हणाला. "खालून निसटते."