सारांशातल्या सात बाया

सोनपेठच्या ऊसतोड महिला संघटनेची भाषणं आठ वर्षं हेमाबाई लिहीत होत्या आणि दैवशाला ती बोलत होती. हेमाबाई तिथल्याच शाळेत मराठी शिकवायच्या. दैवशाला बावीस वर्षं ऊस तोडायला गेलेली, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बोलायला लागली की शेवटच्या रांगेतली बाईसुद्धा गप्पा थांबवायची. हेमाबाईंचा आवाज बारीक, आणि माईकसमोर तो आणखी बारीक व्हायचा. त्यामुळं ही वाटणी दोघींना बरी पडली होती. टाळ्या दैवशालाला पडायच्या, पण त्या आपल्या वाक्यांना आहेत, हे खाली खुर्चीवर बसलेल्या हेमाबाईंना ठाऊक असायचं.

यंदा टोळ्या कारखान्यांकडं निघायच्या आधी मेळावा झाला. दैवशालानं हेमाबाईंचा कागद घेतला, त्याची घडी घातली आणि आज मी माझंच बोलते म्हणाली. चाळीस मिनिटं बोलली. शेवटी टाळ्या वाजल्याच नाहीत. बाया उठून तिच्याभोवती गोळा झाल्या, काही जणी तिचा हात धरून रडल्या. हेमाबाई खुर्च्या एकावर एक ठेवू लागल्या.

चार दिवसांनी संघटनेचा कार्यकर्ता भारत त्यांच्या घरी आला. सोनपेठला बायांचं तपासणी शिबिर मागायला पुढच्या आठवड्यात परभणीत आरोग्य विभागाच्या साहेबांबरोबर बैठक होती. दैवशालाच्या भाषणाचा एक पानी सारांश साहेबांना द्यायचा होता. भारतनं रेकॉर्डिंग ऐकून सगळं भाषण मोबाइलवर उतरवलं होतं, पण निरोप टाइप करतो तसं, इंग्रजी अक्षरांत. ते आधी देवनागरीत नीट करायचं आणि मग सारांश काढायचा. हे काम दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. फाइलबरोबर त्यानं रेकॉर्डिंगही पाठवलं होतं.

रविवारी सकाळी हेमाबाई कॉम्प्युटरपुढं बसल्या. नऊ पानं, पूर्णविराम एकही नाही. एकटा ‘आमी’ हा शब्द कुठं aami, कुठं ami, कुठं amhi. ‘लय’ म्हणजे lay, lai आणि घाईत नुसतं ly. त्यांनी वहीत रकाने आखले, एकेका शब्दाची सगळी रूपं लिहून पुढं देवनागरी शब्द लिहिला. एका आदेशात सगळीकडं बदल करून चालणार नव्हतं. kal म्हणजे कुठं काल होता, कुठं काळ, तर कुठं पोटातली कळ. भारत त, ट आणि ठ या तिन्हींना नुसता t टाइप करायचा, त्यामुळं pat म्हणजे पाठ आणि at divas म्हणजे आठ दिवस. अशा जागी मागचंपुढचं वाक्य बघायचं आणि तरी शंका राहिली तर रेकॉर्डिंग ऐकायचं, बोलणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, हे हेमाबाईंनीच भारतला शिकवलं होतं.

काम करता करता आपलं एखादं तरी वाक्य सापडतं का, हे त्या बघत होत्या. आठ वर्षांतलं एकही नव्हतं. पाचव्या पानावर दैवशालाचं वाक्य आलं: “फडात कोयता ठेवायला जागा हाय, पाठ टेकायला न्हाई.” हेमाबाईंनी ते दोनदा वाचलं. असं वाक्य आपल्याला कधी सुचलं नव्हतं, याचा त्यांना राग आला. त्यांनी ‘हाय’चं ‘आहे’ केलं. मग सगळं वाक्यच खोडून लिहिलं, ‘ऊसतोड महिलांना विश्रांतीची सुविधा उपलब्ध नसते.’ हे वाक्य कुणीही लिहिलं असतं. ते वाचून त्यांना बरं वाटलं.

सहाव्या पानावर होतं, sat bayani dukhna angavar kadhla. सात बायांनी दुखणं अंगावर काढलं की साठ बायांनी? पुढच्याच ओळीत char gavat pandhra pandhra असं होतं. चार गावांत पंधरा-पंधरा, म्हणजे साठ. रेकॉर्डिंग लावायचीसुद्धा गरज नव्हती. पण आदल्या पानावर sakali sat la, सकाळी सातला, असंही होतं. तिथं sat म्हणजे सात, तर इथंही सातच वाचलं असं म्हणता येईल, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या थांबल्या. साठ बाया एकेकीला भेटून दैवशालानं मोजल्या होत्या. कुणी सांगितलेलं नसताना. त्यांनी ‘सात बायांनी’ असं लिहिलं. चार गावांची ओळ सारांशातून गाळली. सारांश म्हटल्यावर काही तरी गाळावंच लागतं.

परभणीच्या बैठकीला दैवशाला आणि भारतबरोबर हेमाबाई आणि काही बायाही गेल्या होत्या. साहेबांनी कागद लक्ष देऊन वाचला. सातच बाया आहेत तर सोनपेठला शिबिर घ्यायची गरज नाही, त्यांना इथल्याच दवाखान्यात आणा, आपण एका दिवसात तपासू, असं ते म्हणाले.

दैवशाला उठली. “साहेब, सात न्हाईत, साठ हायेत. मी साठच बोलले होते.”

भारतचा चेहरा उतरला. टायपिंग माझं होतं, माझीच चूक झाली असणार, असं तो सांगू लागला. साहेबांनी मान डोलावली. इंग्रजी अक्षरांत असं होतंच, असं शेजारी कुणी तरी म्हणालं. हेमाबाई गप्प बसल्या असत्या तर विषय तिथंच संपला असता. भारत मात्र पुन्हा पुन्हा माफी मागत होता, आणि ते त्यांना ऐकवेना.

“त्याची चूक नाही,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा बोलावं लागलं. “साठ आहेत हे मला कळलं होतं. सात मी लिहिलं.”

साहेबांनी का म्हणून विचारलं. हेमाबाईंनी कागद दुरुस्त करून देते, एवढंच सांगितलं. साहेबांनी नावांची यादी आणि दुरुस्त कागद दोन दिवसांत मागितला आणि शिबिराचं बघतो म्हणाले.

परतीच्या एसटीत दैवशाला दुसऱ्या बायांजवळ बसली. पण दुसऱ्या दिवशी ती हेमाबाईंच्या दारात आली. हातात साठ नावांची वही होती. “चला बाई, नीट करू. मी जवळ बसते,” एवढंच म्हणाली.

हेमाबाईंनी रेकॉर्डिंग लावलं. एक ओळ ऐकायची, थांबवायची, टाइप केलेल्याशी ताडून बघायची. सातचं साठ झालं, चार गावं परत आली. मग दैवशालानं विचारलं, “ते पाठ टेकायचं कुठं गेलं?” हेमाबाईंनी तिचं वाक्य ‘हाय’ आणि ‘न्हाई’सकट सारांशात घातलं.

दैवशालानं पडद्यावरचं आपलं वाक्य वाचलं. “बाई, तुमच्यावर मी बी लय जळायचे,” ती म्हणाली. “लोक म्हणायचे, काय शब्द हायेत हिचे. मला ठाव असायचं, ते कुणाचे हायेत. आठ वर्षं मी दुसऱ्याचं बोलायलेय, असं वाटायचं.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुमी तरी कुठं बोललात?”

हेमाबाईंनी पुढची ओळ लावली. खोलीत दैवशालाचा आवाज घुमला आणि त्यांना पुन्हा तिचा हेवा वाटला. तो गेला नाही, पण त्यांनी प्रत्येक शब्द होता तसा टाइप केला. कागद छापून झाल्यावर दैवशालानं बोट ठेवून तो सावकाश वाचला, एका बाईच्या आडनावातली वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि निघाली.

शिबिर सोनपेठलाच झालं. बावन्न बाया आल्या; आठ जणींची टोळी त्याआधीच निघून गेली होती. हेमाबाई दारात टेबल मांडून नावं लिहून घेत होत्या. त्यानंतर दैवशालाचं भाषण त्यांनी लिहिलं नाही. ती बोलायची, भारत उतरवायचा आणि त्या नीट करायच्या. प्रत्येक वेळी त्यांना थोडा त्रास व्हायचाच.