शेठचा दिवा आणि सुषमाचा आलेख

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या कॅम्प चार वस्तीत कुणालाही विचारा. पण सुषमाला मी जे बोलले ते फटकळपणात मोडत नाही. तो अन्याय होता.

आमची कंपनी छोटी. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. औषधवाल्यांच्या शीतखोल्यांचं तापमान आमच्या प्रोग्रॅमकडे दर दोन सेकंदांनी येतं. गारवा कमी झाला की त्या खोलीच्या मालकाच्या फोनवर घंटा वाजते. म्हणून तो प्रोग्रॅम दिवसरात्र चालूच लागतो.

आमचे मालक महेश शेठ, त्यांची एक रीत होती. संध्याकाळी सात वाजता झुलेलाल देवाच्या फोटोपुढे दिवा लावायचा आणि लगेच प्रोग्रॅम रिस्टार्ट करायचा. "विनिता, मशीन को भी थोडा आराम दो," म्हणायचे. मीही कधी अडवलं नाही, कारण रिस्टार्ट केला की सगळं सुरळीत चालायचं.

सुषमा बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. त्या पाड्यावरून कॉम्प्युटर शिकून नोकरीला लागलेली पहिलीच. कोडिंगचं सगळं मीच शिकवलं तिला, मला ताई म्हणायची. प्रत्येक खोलीची शेवटच्या दोन दिवसांची नोंद मेमरीत ठेवायची आणि त्याहून जुनी काढून टाकायची, एवढा भाग तिने लिहिला. आणि महिन्याभरात मेमरी संपत आल्याची वॉर्निंग यायला लागली. रोज, साडेसहाच्या सुमारास.

मी मेमरीत काय काय भरलंय ते काढून पाहिलं. सगळ्यात जास्त जागा सुषमाच्या नोंदींनी खाल्लेली. झालं, मला चोर सापडला.

"लीक आहे तुझ्या कोडमध्ये," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "जुन्या नोंदी सोडतच नाहीये. आलेख बघ, दिवसभर चढतोच आहे."

"ताई, दोन दिवस भरेपर्यंत तो चढणारच," ती हळूच म्हणाली. तिने फळ्यावर रेघ काढली, आधी चढती, मग आडवी. "आपण रोज सातला रिस्टार्ट करून मेमरी रिकामी करतो, म्हणून आडवी झालेली कधी दिसतच नाही. प्रोग्रॅमच्या वाट्याची मेमरी, हीप, वाढवू आणि चार दिवस हात नको लावायला. लीक असेल तर तेव्हाही चढतच राहील. नसेल तर थांबेल."

"हीप वाढवला की मरण दोन दिवस पुढे जाईल, बाकी काय होणार? मला शिकवतेस?"

तिने फळा पुसला. तिची नोकरीत कायम होण्याची तारीख आठवड्यावर होती. अहवालात मी लिहिलं, 'मेमरी लीक, जबाबदार सुषमा.' शेठने तिला पगार देऊन घरी पाठवलं. पुढे कुणी तिच्या कोडला हातही लावला नाही, रिस्टार्ट तेवढा दुपारचाही सुरू झाला.

आठ महिन्यांनी नवीन सर्व्हर आला. प्रोग्रॅमचा हीप ५१२ एमबीवरून दोन जीबी केला. त्याच आठवड्यात शेठ लग्नासाठी जयपूरला गेले, आणि पाच दिवस ना दिवा लागला ना रिस्टार्ट झाला.

वापर संपलेली मेमरी प्रोग्रॅम अधूनमधून स्वतःच झाडून काढतो. पूर्ण झाडल्यावर जे उरतं, तेच बघायचं असतं. चौथ्या दिवशी मी ते बघितलं. दोन दिवस ते चढत गेलं होतं आणि आठशे चाळीस एमबीला येऊन थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी तेवढंच, चौथ्या दिवशी तेवढंच. फळ्यावरची तीच रेघ.

लीक नव्हतंच. हीपच तोकडा होता. आणि तो ५१२चा आकडा माझा, तीस खोल्या होत्या तेव्हा टाकलेला. आता एकशे दहा होत्या. रडले मी, कसली लाज.

रविवारी आलेखाचा कागद आणि तिला परत घेण्याचं पत्र घेऊन पाड्यावर गेले. सुषमा बदलापूरच्या एका रोपवाटिकेत पिशव्या भरायला जात होती. तिची आई, जिवली, अंगणात तांदूळ निवडत बसली होती. सुषमाने कागद घेतला, रेघेवरून बोट फिरवलं.

"ताई, नंतर मलाच वाटायला लागलं की माझंच चुकलं असेल. तुम्हीच शिकवलं होतंत ना. तुम्हाला दिसत नाही म्हणजे मलाच भलतं दिसतंय."

"चल परत. मी सगळ्यांसमोर माफी मागते."

"नको." तिने पत्र घडीसकट परत दिलं. "आता एक ओळ लिहायची म्हटली तरी ती चुकणारच असं वाटतं. कागद तेवढा ठेवते."

जिवलीने सूप खाली ठेवलं. "म्हंजे पोरीची चुकी नव्हती?"

"नव्हती, मावशी. माझी होती."

तिने लेकीकडे बघितलं. "आठ महिने मी हिला म्हनतंय, तूच कायतरी घान केली असशील."

सुषमा आईशेजारी बसली आणि खाली मान घालून तांदळातले खडे वेचू लागली.