काटा हलला नाही

लटारूचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे काट्यावर. चामोर्शीच्या राइस मिलमध्ये धानाचे कट्टे, म्हणजे पोती, तोलण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. माणूस फसवेल, काटा फसवणार नाही, असं तो येताजाता म्हणायचा. त्यामुळे त्याचा मुलगा निकेश जिममध्ये जायला लागला, तेव्हा दर बाजाराच्या दिवशी त्याला मिलच्या काट्यावर उभं करणं ओघानंच आलं.

निकेशचे हात काडीसारखे, पण सदऱ्याआड पोट आणि छाती लोण्यासारखी लुसलुशीत. शाळेतल्या पोरांनी नदीवर त्याची इतकी टिंगल केली होती, की तेव्हापासून तो घरातही सदरा काढत नसे. आंघोळसुद्धा दार लावून. पोळ्याला बापानं नवा करदोडा बांधला, तोही सदरा जेमतेम वर करून. काळा दोरा पोटात चांगलाच रुतला होता.

“अठ्ठावन्न,” लटारूनं पहिल्यांदा वजन वाचलं. “आता पाहू.”

जिम चालवणारा हेमराज पोरांना फार बोलायचा नाही, पण निकेशला त्यानं समजावलं होतं. “तुले ना वजन वाढवाचं, ना उपाशी राहाचं. जेवण जेवढं लागते तेवढंच ठेव, त्यात अंडी, डाळ, मासोळी वाढव, भात थोडा कमी कर. मेहनत जोरात कर, झोप पुरी घे. नवीन पोराचं मास चढते अन् चरबीबी उतरते. काटा तिथंच राहीन. कंबर पाह्य, अन् लोखंड किती उचलतं ते पाह्य.”

निकेशला ते पटलं. रिकामा दांडा पेलताना थरथरणारा पोरगा हळूहळू दोन्ही बाजूंना चकत्या लावून बैठका मारू लागला. पण लटारूला चकत्या कुठे दिसत होत्या? त्याला काटा दिसत होता. अठ्ठावन्न. पुढच्या बाजारी अठ्ठावन्न. दिवाळीतही अठ्ठावन्नच.

आणि लटारू स्वतः खंगत चालला होता. धानाच्या धुळीनं छाती कधीच पोखरली होती. आता तर दोन घास पोटात गेले तरी खोकल्यानं वर यायचे. जाण्याआधी पोरगं अंगानं भरलेलं पाहावं, एवढीच त्याची आस उरली होती. एका संध्याकाळी आपल्या ताटातला भात उचलून त्यानं निकेशच्या ताटात टाकला.

“नको ना बाबा! मोजून खाचं हाये मले.”

“बापानं देल्लं मोजून खाते काय कोनी?” लटारू म्हणाला. “एवढी मेहनत, अन् काटा हलत नाई. कोन फसवून राह्यलं तुले?”

निकेश चिडला. ताट सरकवून उठला. सदरा वर करून दाखवायचं त्याच्या मनात आलंही होतं, करदोडा आता ढिला पडून ओटीपोटावर लोंबत होता. पण लाज आडवी आली. ती लाज आता अंगवळणीच पडली होती. उद्या दाखवू, असं तो मनाशी म्हणाला. असे कितीतरी उद्या गेले.

धानाचा हंगाम संपता संपता लटारू गेला.

तिरडीला पुढचा खांदा निकेशनं दिला. वैनगंगेच्या वाटेवर लोक दोनदा म्हणाले, बदल. त्यानं बदलला नाही. ज्या पोराला मिलमध्ये अर्धा कट्टा हलत नव्हता, तो बापाला घाटापर्यंत घेऊन गेला. बाप फार हलका झाला होता, हेही खरंच.

अग्नी देण्याआधी आंघोळीला सदरा काढावा लागला. आता कोणाची लाज धरायची? निकेश उघड्या अंगानं पाण्यातून वर आला आणि लटारूच्या बरोबरीनं जन्मभर मिलमध्ये कट्टे उचललेला रामाजी बघतच राहिला. खांदे भरलेले, पाठ रुंद, पोट आत. करदोडा पार कमरेच्या हाडावर उतरलेला.

रामाजीनं पुढं होऊन त्या दोऱ्यात बोटं घातली. अख्खी मूठ आत गेली.

“हा पोळ्याचाच व्हय ना? तुह्या बापानं बांधला तो?”

निकेशनं मान डोलावली.

“तो तं मरेपर्यंत मले म्हने, रामाजी, पोराच्या अंगाले काई लागत नाई. मी गेल्यावर याले जेवाले घालत जाय.” रामाजीनं बोटं बाहेर काढली. “काऊन नाई रे दाखवलं त्याले?”

निकेशला तो ताटातला भात आठवला, आणि इतका वेळ आवरलेलं रडू एकदम फुटलं. बापाला दिसेल एवढं सगळं अंगावर होतं, आणि आपण ते बापापासूनच झाकून ठेवलं.

“घसरून जाईन हा. आन, कसून देतो,” रामाजी म्हणाला आणि गाठीला हात घालू लागला.

निकेशनं त्याचा हात धरला.

“राहू द्या काका. गाठ बाबाची हाये.”